गो: कोपऱ्यावर ॲप्रोच करायचा की कडेने पसरायचं?

गो या बोर्डावर जागा घेरण्याच्या खेळाच्या ओपनिंगचा एक जुना क्रम नवशिक्यालाही पाठ असतो, आधी मोकळे कोपरे, मग आपला कोपरा बंद करणं नाहीतर समोरच्याच्या कोपऱ्याला ॲप्रोच करणं, त्यानंतर कड, आणि मधला भाग सगळ्यात शेवटी. चारही कोपऱ्यांत एकेक सोंगटी बसेपर्यंत हा क्रम मस्त चालतो. गाडी अडते ती पाचव्या-सहाव्या खेळीला. समोरच्याचा एक कोपरा उघडा दिसतोय, तिकडे ॲप्रोच करावासा वाटतो, आणि त्याच वेळी आपल्याच सोंगटीपासून कडेने पसरायची एक झकास जागाही दिसते, मग यातलं आधी काय? क्रमाप्रमाणे म्हणाल तर ॲप्रोच, पण तो क्रम डोळे झाकून पाळणारे बरेच लोक विसाव्या खेळीपर्यंत दोन ठिकाणी पळापळ करताना दिसतात.

आधी शब्दांचं बघून घेऊ. ॲप्रोच म्हणजे जपानी काकारी, समोरच्याच्या कोपऱ्यातल्या एकट्या सोंगटीच्या जवळ, साधारण एक-दोन रेघा सोडून आपली सोंगटी ठेवायची. एक्स्टेन्शन म्हणजे हिराकी, आपल्या सोंगटीपासून कडेला समांतर, बहुतेक वेळा तिसऱ्या रेघेवर, मध्ये काही जागा मोकळ्या सोडून पुढची सोंगटी ठेवायची. कोपऱ्यात दुसरी सोंगटी टाकून तो बंद केला की ती शिमारी. आणि ॲप्रोच करणाऱ्या सोंगटीला दुसऱ्या बाजूने येऊन अडवलं, म्हणजे तिला पसरायला जागाच ठेवली नाही, की तो पिन्सर. बस, एवढ्यावर काम होईल.

खाली जागा सांगताना ऑनलाईन बोर्डावर दिसतात तीच नावं वापरतोय, डावीकडून उजवीकडे A ते T (मधलं I अक्षर गाळतात, H नंतर थेट J) आणि खालून वर 1 ते 19. बोर्ड उघडून सोंगट्या ठेवत वाचलंत तर जास्त मजा येईल, नुसतं वाचून डोकं गरगरेल.

आता मूळ मुद्दा. ॲप्रोच ही आधी उधारीवर घेतलेली जागा असते. तुम्ही समोरच्याच्या घरात एक सोंगटी ठेवली, त्याला कोपरा बंद करू दिला नाहीत, हा फायदा लगेच मिळाला, पण ती सोंगटी तिथे एकटी आहे, तिला पाय टेकायला जागा नाही, म्हणजे आणखी एक-दोन खेळ्या तुम्हाला तिच्यावर खर्च करायच्याच आहेत. एक्स्टेन्शन म्हणजे बहुतेक वेळा तीच उधारी फेडणं. म्हणून ॲप्रोच मोठा की एक्स्टेन्शन मोठं असं विचारण्यापेक्षा बोर्डावर आपली उधारी किती बाकी आहे आणि नवीन घेतली तर ती फेडायला कडेवर जागा आहे का, हे आधी बघायचं.

एक डाव घेऊ, म्हणजे हे हवेत राहणार नाही. काळा Q16, पांढरा D4, काळा Q4, पांढरा C16. काळ्याच्या उजवीकडच्या दोन्ही सोंगट्या आणि पांढऱ्याची D4 ही सोंगटी स्टार पॉइंटवर, म्हणजे दोन्ही कडांपासून चौथ्या रेघेवर. पांढऱ्याची C16 मात्र कोमोकूवर आहे, एका कडेपासून तिसरी आणि दुसरीपासून चौथी. हा फरक दिसायला एका रेघेचा आहे, पण आपला अख्खा प्रश्न त्यावर फिरतो.

कोमोकूवर अजून एक खेळी मिळाली की कोपरा जवळजवळ बंद. पांढऱ्याने E17 खेळलं की C16 आणि E17 मिळून कोपऱ्यातली दहाच्या आसपास जागा खिशात, आणि वर दोन्ही कडांना पसरायला भक्कम ठाणं तयार. स्टार पॉइंटचं तसं नाही. D4 च्या बाजूला अजून एक सोंगटी टाकली तरी C3 वर, म्हणजे ३-३ पॉइंटवर, घुसायची फट बऱ्याचदा राहतेच, त्यामुळे तिथे कोपरा बंद करायची घाई त्यालाही कमी आणि अडवायची घाई आपल्यालाही कमी. कोमोकूला ॲप्रोच करणं तातडीचं आणि स्टारला ॲप्रोच करणं थोडं थांबू शकतं, हे पारंपरिक गणित इथूनच आलंय.

म्हणून पाचवी खेळी काळा E17 खेळतो. पण इथेही पर्याय आहे हं. Q10 खेळला तर उजवीकडे तीन स्टार ओळीत येतात, सानरेनसेई, जपानी खेळाडू मासाकी ताकेमियाने हीच मांडणी घेऊन बोर्डाच्या मधल्या भागात प्रचंड आराखडे उभे केले. ते म्हणजे ॲप्रोचऐवजी कड घेणं, पांढऱ्याला E17 ची शिमारी खुशाल करू देणं आणि बदल्यात आपली बाजू मोठी करणं. चूक अजिबात नाही, पण त्या आराखड्याचं पुढे जागेत रूपांतर कसं करायचं हे यावं लागतं, नाहीतर पांढरा कोपरे खाऊन बसतो आणि आपल्याकडे नुसती हवा उरते. सध्या E17 धरून चालू.

पांढऱ्याचं उत्तर D15, तिरकी एक सोंगटी. १९ व्या शतकातल्या शूसाकू या जपानी खेळाडूच्या नावाने ओळखली जाणारी हीच ती कोसुमी, फक्त तो ती काळ्याने खेळायचा. शांत दिसते पण D15 मुळे पांढरा कोपऱ्यात पक्का झालाय आणि आता त्याची नजर E17 वर आहे. काळ्याने इथे हात झटकून दुसरा कोपरा धरला, समजा C6 वरून D4 ला अजून एक ॲप्रोच केला, तर पांढरा H17 च्या आसपास पिन्सर टाकतो. आता E17 ला डावीकडे पक्का पांढरा, उजवीकडे पिन्सर, पसरायला जागा नाही, म्हणून मधल्या भागाकडे पळावं लागतं, आणि ती पळत असताना पांढरा वरची कड फुकटात घेतो. शिवाय खाली C6 सुद्धा अधांतरी. एका वेळी दोन उधाऱ्या, आणि तगादा लावायची पाळी पांढऱ्याची.

म्हणून सातवी खेळी H17. मध्ये F17 आणि G17 या दोन जागा मोकळ्या, तिसऱ्या रेघेवरचं हे दोन जागांचं एक्स्टेन्शन एकट्या सोंगटीसाठी सगळ्यात भरवशाचं, कारण मध्ये कोणी घुसलं तरी सहसा दोन्ही सोंगट्या जोडता येतात आणि दोघी मिळून पाय टेकण्याइतकी जागा करतात. लोभ होतो J17 वर जायचा, एक जागा जास्त. तेही खेळतात, पण मग G17 वर घुसण्याची खाज पांढऱ्याला कायम राहते. जुना ठोकताळा असा की एकटी सोंगटी असेल तर दोन जागा सोडा, उभ्या दोन सोंगट्यांची भिंत असेल तर तीन, तीन सोंगट्यांची असेल तर चार. भिंत जितकी उंच तितकी लांब उडी झेपते.

आठवी खेळी पांढऱ्याची. आता त्याच्यावर कुठेच उधारी नाही, म्हणजे ॲप्रोचची वेळ. कुठे करायचा? Q4 ला ॲप्रोच करायच्या दोन दिशा आहेत, उजव्या कडेवर R6 किंवा खालच्या कडेवर O3. R6 वर गेला तर वर Q16 काळी, खाली Q4 काळी, दोन काळ्यांच्या कात्रीत जाऊन बसणं. O3 वर गेला तर त्याच कडेला लांब D4 आपली आहे, मध्ये अख्खी कड मोकळी, म्हणजे ॲप्रोच केल्यावर जे एक्स्टेन्शन लागणार त्याला जागा आधीच शिल्लक. दिशा ठरवताना हे एवढं बघितलं तरी निम्मा वैताग वाचतो, की ॲप्रोच केल्यावर माझी सोंगटी कुठे पसरणार, ती जागा बोटाने दाखवता येत नसेल तर त्या बाजूने जाऊच नका.

तर पांढरा O3, काळा R6 ने उत्तर देतो, पांढरा Q2 वर सरकतो, काळा R3 ने कोपरा धरतो. आणि आता बारावी खेळी, माझ्या मते पूर्ण लेखातली सगळ्यात महत्त्वाची जागा.

पांढऱ्याला बोर्डावर तीन मोठ्या गोष्टी दिसतायत. डाव्या कडेवर C10, जिथून वरची C16-D15 आणि खालची D4 दोन्हीकडचं आपलं जोडलं जातं. उजवीकडे R14 वरून Q16 ला ॲप्रोच. आणि खाली L3, O3 पासून दोन जागांचं साधं, कंटाळवाणं एक्स्टेन्शन. आकाराने बघितलं तर C10 किंवा R14 जास्त लोभसवाणं वाटतं आणि हात तिकडेच जातो.

समजा पांढरा C10 खेळला. काळा लगेच L3. आता O3 आणि Q2 या दोन सोंगट्यांकडे बघा, कोपरा R3 ने घेतलाय, डावीकडे L3 ने वाट अडवलीये, कडेवर दोन डोळे करायला जागाच नाही. डोळे म्हणजे गटाच्या आतल्या दोन वेगळ्या मोकळ्या जागा, त्या असल्या की गट मरत नाही. मग पांढरा O5 वर उडी मारून बाहेर पडतो, काळा बाजूने पाठलाग करतो, आणि या पळापळीत काळ्याच्या प्रत्येक खेळीला दुहेरी पगार मिळतो. हाकलताहाकलता उजव्या कडेची भिंत फुकट उभी राहते आणि L3 च्या बाजूने खालची कडही काळी होत जाते. पांढऱ्याच्या खेळ्यांचा पगार एकच, जिवंत राहणं. C10 ने जे कमावलं ते दहा खेळ्यांत परत गेलं समजा, आणि ती पळणारी शेपटी डावीकडे आली तर C10 च्या बाजूचा D4 सुद्धा हलायला लागतो.

मोठ्या जागेआधी तातडीची जागा, असं गोमध्ये म्हणतात ते नेमकं हेच. L3 ची किंमत नुसती जागा मोजून कळत नाही, दहा-बारा पॉइंट असतील नसतील, पण तीच खेळी समोरच्याने केली तर आपल्यापैकी कोणी बेघर होतं का, ते बघायचं. होत असेल तर ती खेळी मोठी. होत नसेल, म्हणजे समोरचा तिथे आला तरी आपली सोंगटी आरामात बसलेली असेल, तर एक्स्टेन्शन नुसतं छान असतं, तातडीचं नसतं, आणि मग ॲप्रोचला प्राधान्य द्यायला हरकत नाही.

बरं, पांढरा शहाणा आहे, तो L3 खेळतो. आता काळ्याची तेरावी. बोर्डावर काळ्याच्या सोंगट्या Q16, Q4, E17, H17, R6, R3. सगळ्यांना घर आहे, उधारी शून्य. मग वर सांगितलेल्या हिशोबाने ॲप्रोच करायला मोकळा, नाही का? D4 ला डाव्या कडेकडून C6. किंवा उजवीकडे R10, म्हणजे R6 पासून तीन जागा सोडून वर. इथे खरी घासाघीस आहे.

आधी पाळी मोजा, हे फार लोक करत नाहीत. C6 खेळलं, पांढरा F3 ने उत्तर देतो, मग C6 ला पाय टेकायला C9 लागतं, कारण वर D15 चा पक्का पांढरा गट बसलाय, उशीर केला तर तिथून पिन्सर येणार. म्हणजे ॲप्रोच, उत्तर, एक्स्टेन्शन, अशा तीन खेळ्या आणि नंतरची पाळी पांढऱ्याची. एक्स्टेन्शन एका खेळीत संपतं, पण त्याच्यानंतरही पाळी पांढऱ्याचीच. तर तुलना ही C6 विरुद्ध R10 अशी नाहीये, ती आहे C6-F3-C9 झाल्यावर पांढऱ्याने उजवीकडे जाणं विरुद्ध R10 झाल्यावर पांढऱ्याने डावीकडे C10 घेणं.

पहिला रस्ता पूर्ण चालून बघू. C6, F3, C9, आणि आता पांढरा R14 ने Q16 ला ॲप्रोच करतो. काळा O17 ने उत्तर देतो, आणि इथे H17 कामाला येते, O17 आणि H17 मिळून वरची कड काळी दिसायला लागते. पण पांढरा S16 सरकतो, काळा R17, पांढरा R11 वर दोन जागांचं एक्स्टेन्शन करून बसतो, आणि उजवी बाजू फुटली. R6 आणि Q16 यांच्या मध्ये पांढऱ्याने घर बांधलं. शिवाय F3 मुळे पांढऱ्याची खालची कड भरली, D4, F3, L3, O3 एका ओळीत. काळ्याने डावी बाजू फोडली, पांढऱ्याने उजवी फोडली, हिशोब साधारण बरोबरीचा, पण C6 आणि C9 या दोन सोंगट्या वर-खाली पांढऱ्यांच्या मध्ये जरा आखडून बसल्यात.

दुसरा रस्ता, R10. ही खेळी नुसतं पसरणं नाही. आता पांढरा R14 वर आला तर त्याला खाली पसरायला R12 पर्यंतच जागा आहे, मध्ये एकच मोकळी, कारण R11 काळ्या R10 ला चिकटून आहे. म्हणजे R10 हा R14 येण्याच्या आधीच टाकून ठेवलेला पिन्सर आहे. मग पांढरा वरून येईल का, O17? काळा R14 ने उत्तर देणार, उजवी कड Q16 पासून Q4 पर्यंत बंद व्हायला आली, आणि O17 ला पसरायला L17, पुढे दोनच जागा सोडून काळी H17 बसलेली. जगेल, पण अंग चोरून. म्हणजे सातव्या खेळीला E17 ची उधारी फेडायला टाकलेली H17 आणि आत्ताची R10, या दोन एक्स्टेन्शननी मिळून Q16 ला ॲप्रोच करणं दोन्ही बाजूंनी बेचव करून टाकलं. एक्स्टेन्शनचा हा भाग लोकांच्या लक्षात येत नाही, ते जागा मोजत बसतात. चांगलं एक्स्टेन्शन समोरच्याचे ॲप्रोच आधीच खाऊन टाकतं.

चायनीज फुसेकी नावाची ओपनिंग याच विचारावर उभी आहे. तिथे काळा Q16 आणि Q3 वर खेळून, Q3 ची कोमोकू बंद न करताच, थेट R9 वर जातो. क्रमाप्रमाणे आधी शिमारी हवी होती. पण आता पांढऱ्याने R5 ने ॲप्रोच केला तर R9 समोर उभी, R7 पर्यंत जेमतेम एक जागा सोडून पसरता येतं, आणि काळा त्याला हाकलत सगळी उजवी बाजू उभी करतो. कोपरा उघडा आहे खरा, पण आत यायची फी फार आहे.

आपल्या डावात मी R10 घेईन. कारण एवढंच की त्यानंतर काळ्याची एकही सोंगटी अडचणीत नाही आणि पांढऱ्याला जायला एकच खरी मोठी जागा उरते, C10. C6 खेळणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही, ज्याला आखडलेले गट हलके ठेवून खेळता येतात त्याच्या हाती तो रस्ताही चालेल, पण कोणाची १५-१६ क्यूची, म्हणजे अजून खालच्या पायऱ्यांवरची, रँक असेल तर त्याने R10 घ्यावं आणि शांत झोपावं.

पांढरा चौदावी C10 खेळतो, आणि आता बघा, हीच गोष्ट आपल्यावर उलटलीये. C6 वरून D4 ला ॲप्रोच केला तर वर पसरायला C8 पर्यंतच जागा, C10 पुढे उभी. खालून F3 ने गेलो तर दोन जागांचं एक्स्टेन्शन J3 वर पडतं आणि एकाच जागेवर L3 बसलेली, जगायला होईल पण मार खात. दोन्ही बाजूंचे ॲप्रोच खराब झालेत. अशा वेळी जिद्दीने ॲप्रोच करणारे खूप असतात, स्टार मोकळा दिसतोय ना, मग जायलाच हवं असं वाटतं. पण जिथे ॲप्रोच केल्यावर पसरायलाच जागा नाही तिथे तो पर्याय यादीतून काढून टाकायचा.

मग काळा सरळ C3 वर घुसतो, ३-३ वर. गेल्या काही वर्षांत व्यावसायिक खेळाडू हे खूपच लवकर करायला लागलेत, आधी हे मध्यातल्या खेळासाठी राखून ठेवायचे. D4 एकटीच आहे, C3 कोपऱ्यात जिवंत होईल. पांढऱ्याला ठरवायचंय की C4 ने अडवून डावी कड राखायची की D3 ने अडवून खालची. C10 आणि वरचा D15 चा गट बघता मला तरी C4 जास्त पटतं, कारण डाव्या बाजूला राखण्यासारखं जास्त आहे, खाली L3 आणि O3 तिसऱ्या रेघेवर खाली दबूनच बसल्यात. पांढऱ्याला भिंत मिळते, काळ्याला कोपरा, आणि त्या भिंतीची खरी किंमत किती हे C10 तिच्यापासून किती अंतरावर आहे त्यावर ठरतं. तीन सोंगट्यांच्या भिंतीपासून चार जागा सोडायच्या तो वरचा ठोकताळा लावून बघा, C4 पासून C10 पर्यंत मध्ये पाच मोकळ्या आहेत, जरा ताणलेलं आहे, तर पुढे कधीतरी C7 वर घुसायची एक जागा काळ्यासाठी उरली.